विम्याच्या सर्व्हेअरने गाडीच्या रंगकामाचे निम्मे पैसे कापले

"गॅरेजचं इस्टिमेट जोडून विमा कंपनीला पत्र लिहितोय, पण कमी धरलेल्या रकमेवर नेमकं काय लिहू?"

आधी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा आणि रंगकामाची ओळ बघा. पन्नास टक्के घसारा फक्त रंगाच्या मालावर लागतो, मजुरीवर नाही. बिल एकत्र असेल तर माल एकूण रंगकामाच्या २५ टक्के धरायचा, असं पॉलिसीतच छापलेलं असतं. भुसावळजवळ माझी गाडी घासली तेव्हा रंगकाम १६,००० होतं. माल ४,०००, म्हणजे कपात २,०००. सर्व्हेअरने ८,००० कापले होते. मी पत्रात एवढा हिशेब मांडला, जळगावच्या दोन गॅरेजांची इस्टिमेट जोडली आणि फरकाचे ६,००० मिळाले. प्लास्टिक बंपरवरची पन्नास टक्के कपात मात्र नियमातलीच आहे, घसारा न कापणारं झिरो डेप कव्हर नसेल तर त्यावर भांडू नका.