अनुभव : "बजेट फिक्स आहे" असे उत्तर आल्यानंतर पगाराची बोलणी

इंद्रायणी

नोकरीची ऑफर हातात येते, आपण थोडा अधिक पगार मागतो आणि समोरून "या पदासाठी बजेट फिक्स आहे" एवढे एकच वाक्य येते. त्यानंतर तुम्ही नेमके काय केले आणि त्यातून काय मिळाले किंवा मिळाले नाही, ते शक्य असल्यास आकड्यांसह लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

2025 च्या फेब्रुवारीत हिंजवडीतील एका कंपनीने मला 14 लाखांची ऑफर दिली. तेव्हा माझी सीटीसी 11 लाख 40 हजार होती, म्हणजे वाढ जवळजवळ 23 टक्के दिसत होती. मी 15 लाख मागितले आणि फोनवर लगेच वरील उत्तर मिळाले. त्या रात्री मी ऑफरसोबत आलेला तक्ता वहीत उतरवून काढला. मूळ पगार 5,60,000 होता. 14 लाखांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ 67,200, ग्रॅच्युइटी 26,936, विम्याचा हप्ता 15,000 आणि व्हेरिएबल 1,40,000 वजा केल्यावर वर्षाचे 11,50,864, म्हणजे महिन्याचे सुमारे 95,905 रुपये उरत होते. जुन्या नोकरीत व्हेरिएबल नव्हते आणि विमा सीटीसीच्या बाहेर होता, त्यामुळे तीच वजाबाकी तिथे केल्यावर महिन्याचे 88,612 येत होते. दरमहा खात्रीने वाढणारी रक्कम 7,293 रुपये होती, म्हणजे 23 नव्हे तर 8 टक्के.

दुसऱ्या दिवशी मी फोन न करता मेल लिहिला. 14 लाखांचा आकडा मला मान्य आहे, परंतु माझी खात्रीची वाढ 8 टक्केच होत असल्याने व्हेरिएबलपैकी निम्मी रक्कम निश्चित पगारात घेता येईल का, असे विचारून ही वजाबाकी खाली जोडली. अकरा दिवस उत्तर आले नाही. नंतर कळवले गेले की व्हेरिएबलचे 10 टक्के त्या ग्रेडला ठरलेले असल्याने बदलता येणार नाहीत, परंतु पहिल्या वर्षीचे व्हेरिएबल पूर्ण देण्याची हमी आणि 75,000 रुपये जॉइनिंग बोनस मिळेल. सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार करण्याचे लेखी आश्वासनही मी मागितले होते, ते मात्र नाकारले गेले.

मुळशीकर

मी 18 वर्षे भरती आणि पगारनिश्चितीच्या कामात आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू लिहितो. "बजेट फिक्स" हे वाक्य बहुतेक वेळा खोटे नसते, फक्त ते अपुरे असते. पदाला मंजुरी मिळते तेव्हा वर्षाच्या पगाराचा एक आकडा मंजूर होतो आणि त्याला दोन कुंपणे असतात. पहिले कुंपण ग्रेडच्या कमाल मर्यादेचे असते. दुसरे अधिक कडक असते आणि ते त्याच टीममध्ये आधीपासून काम करणाऱ्या लोकांच्या पगाराचे असते. नव्या माणसाला त्यांच्याहून अधिक दिले तर ही गोष्ट महिन्याभरात बाहेर येते आणि पाच जण दारात उभे राहतात. त्यामुळे दरवर्षी द्यावा लागणारा आकडा हलवायला एचआरचा हात धजत नाही. जॉइनिंग बोनस किंवा नोटीस पिरियडची भरपाई मात्र एकदाच द्यायची असते, ती बहुतेक ठिकाणी भरतीच्या खर्चातून जाते आणि पुढच्या वर्षीच्या वाढीचा पायाही उचलत नाही. इंद्रायणीताईंना जे मिळाले ते ह्याच दुसऱ्या खिशातून मिळाले.

आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे हे वाक्य कोण उच्चारत आहे. कन्सल्टन्सीचा माणूस असेल तर त्याची फी बहुधा वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के असते. तुमचे 60,000 वाढले तर त्याच्या संस्थेला जेमतेम 5,000 जास्त मिळतील, आणि बोलणी फिसकटली तर सगळीच फी जाईल. म्हणून तो कंपनीला न विचारताच नकार कळवू शकतो. माझा अंदाज असा आहे की मुलाखतीपूर्वीच्या पहिल्याच फोनवर आकडा सांगितला गेला असेल तर तो खरा मानावा. तुम्ही मागणी केल्यावर अर्ध्या मिनिटात नकार आला असेल, तर वर कोणालाही विचारलेले नसते.

वेगवान

एवढा खटाटोप कशाला करायचा? सोपा उपाय आहे. पीएफ मूळ पगाराच्या 12 टक्क्यांऐवजी 15,000 च्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला 1,800 रुपयेच कापायला सांगावे. कंपनीचाही वाटा तेवढाच होतो, उरलेली रक्कम अलाउन्स म्हणून मिळते आणि सीटीसी एक रुपयाही न वाढता इन-हँड वाढतो. मी तसेच केले आणि महिन्याला साडेसात हजार अधिक हातात आले.

मुळशीकर

वेगवान, तुमचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. कंपनीच्या धोरणात तो पर्याय असेल तर पीएफ 1,800 करता येतो आणि हातात येणारी रक्कम वाढते. परंतु त्यातील निम्मी रक्कम तुमच्याच बचतीची असते, ती वाढ म्हणून मोजता येत नाही. उरलेली निम्मी, म्हणजे कंपनीचा वाटा, पीएफमध्ये करमुक्त जात होता आणि अलाउन्स झाल्यावर त्यावर कर लागतो.

इंद्रायणीताईंच्या आकड्यांवरच पाहा. 2025-26 ची नवी करप्रणाली घ्या, जॉइनिंग बोनस बाजूला ठेवा आणि पूर्ण वर्ष धरा. 75,000 ची प्रमाणित वजावट गेल्यावर त्यांचे करपात्र उत्पन्न साधारण 12 लाख 16 हजार होते. 12 लाखांच्या थोडे वर असलेल्या माणसाला सवलत अशी आहे की 12 लाखांच्या वर जेवढी रक्कम असेल त्याहून अधिक कर लागत नाही. मात्र याचा अर्थ असाही होतो की त्या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया करातच जातो. कंपनीच्या वाट्याचे 45,600 रुपये अलाउन्समध्ये आणले तर कर तेवढाच वाढेल, वर सेसही लागेल, आणि ताईंचे नुकसान होईल.

त्याऐवजी त्यांनी कंपनीमार्फत एनपीएस मागायला हवे होते. नव्या करप्रणालीत कंपनीने मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम करपात्र धरली जात नाही. त्यांच्या बाबतीत ती 78,400 होते आणि उत्पन्न 12 लाखांच्या खाली उतरून कर शून्यावर येतो. कंपनीला यासाठी एक पैसाही अधिक द्यावा लागत नाही, त्यामुळे बजेटचे कारण पुढे करता येत नाही. अडचण एवढीच की हा पैसा मुख्यतः निवृत्तीपर्यंत अडकतो, आणि घराचे हप्ते चालू असलेल्या माणसाला हे परवडेलच असे नाही.

भोसरीकर

माझे छोटे वर्कशॉप आहे, 34 माणसे कामाला आहेत. इथे लिहिणारे सगळे मोठ्या कंपन्यांचे बोलतात, म्हणून नम्रपणे सांगतो की आमच्याकडे फिक्स म्हणजे खरोखरच फिक्स असते. गिऱ्हाईक कंपनी आमचा दर वर्षानुवर्षे वाढवत नाही आणि दुसरा खिसा आम्हाला नसतो.

गेल्या वर्षी स्टोअरकीपरच्या जागेसाठी एका मुलाला मी 20,500 देऊ केले आणि तो 21,500 वर अडून बसला. मी त्याला समोर बसवून सांगितले की 21,000 च्या वर पगार ठरला तर तुला ईएसआयसी लागू होणार नाही. 20,500 वर तुझे महिन्याला 154 रुपये कापले जातील आणि त्यात तुझ्या बायकोपोरांसह आईवडिलांच्याही उपचाराची सोय होईल. त्याच्या वडिलांचे डायलिसिस चालू होते. त्याने घरी विचारून 20,800 घेतले आणि दुसऱ्या शनिवारी सुट्टी मागितली, ती मी दिली. हजार रुपयांसाठी तो ती सोय गमावणार होता आणि तोपर्यंत त्याला हे कोणी सांगितलेले नव्हते.

शाल्मली

माझाही अनुभव असाच आहे. मी सहा वर्षे एकाच कंपनीत आहे आणि दर एप्रिलमध्ये मॅनेजर सांगतात की टीमसाठी वाढीचे बजेट ठरलेले आहे. या वर्षी मला 6 टक्के मिळाले. मी काय करावे?

इंद्रायणी

शाल्मलीताई, तुमचा प्रश्न वार्षिक वाढीचा आहे आणि इथे नवीन ऑफरबद्दल बोलणे चालले आहे. आत असलेल्या माणसाला मुळशीकरांनी सांगितलेला एकदाच मिळणारा खिसा सहसा उघडत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी इथले उपाय बहुधा लागू पडणार नाहीत.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतील एका सरकारी विद्यापीठात मी संशोधक म्हणून रुजू झाले. तिथे पगार सामूहिक कराराच्या तक्त्यातून ठरतो. माझी श्रेणी ई-13 होती, तक्ता सर्वांना खुला होता आणि प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितले की यात माझ्या हातात काही नाही. ते खरेच होते, कारण श्रेणी हलत नाही. परंतु प्रत्येक श्रेणीत सहा पायऱ्या असतात आणि पहिल्या दिवशी तुम्हाला कोणत्या पायरीवर बसवायचे हे आधीचा अनुभव किती धरला जातो यावर ठरते. मला पहिल्या पायरीवर बसवले होते, आणि पुण्यातील माझा चार वर्षांचा अनुभव कोणी मागितलाही नव्हता.

मी करारावर सही करण्यापूर्वी अर्ज केला. तेव्हा अडचण कळली ती अशी की आपल्याकडच्या रिलीव्हिंग लेटरमध्ये केवळ तारखा आणि पदनाम असते, आणि तिथल्या कार्यालयाला तर मी रोज काय काम करत होते याचे वर्णन हवे होते. जुन्या वरिष्ठांकडून कामाचे सविस्तर पत्र घेतले आणि त्याचे भाषांतर करून दिले. चारपैकी दोन वर्षे धरली गेली आणि मला दुसरी पायरी मिळाली. उरलेली दोन वर्षे त्या कामाशी संबंधित नाहीत असे ठरवले गेले. तो निर्णय मला आजही पटलेला नाही, पण एकदा सही झाल्यावर हा विषय पुन्हा काढणे फार अवघड असते.

रानफूल

जॉइनिंग बोनसबद्दल सावध करते. मला दीड लाख मिळाले होते. मी 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असल्याने कर आणि सेस कापून हातात 1,03,200 आले. आईच्या आजारपणामुळे दहाव्या महिन्यात नोकरी सोडावी लागली तेव्हा कंपनीने शेवटच्या हिशेबातून पूर्ण दीड लाख वळते केले. मी दहा महिने काम केले होते, त्याचाही काही विचार झाला नाही. ऑफर लेटरमध्ये "संपूर्ण रक्कम" असा शब्द होता आणि आनंदाच्या भरात मी तो वाचला नव्हता. भरलेल्या कराचे पैसे मला परत मिळू शकतात का, यावर मला दोन कर सल्लागारांनी दोन वेगळी उत्तरे दिली.

मुळशीकर

कराच्या प्रश्नावर मी ठामपणे काही सांगणार नाही. ऑफर लेटरचा मसुदा येतो तेव्हा मात्र दोन बदल मागता येतात. परतफेड "प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेची" असावी, आणि ती पूर्ण केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी होत जावी. दुसरी गोष्ट मी स्वतः अनेकदा मान्य केली आहे. पहिली क्वचितच मान्य होते, कारण कर कंपनीने आधीच भरलेला असतो. ही मागणी सहीपूर्वीच करावी. होकार दिल्यानंतर नोटीस पिरियडमध्ये पुन्हा आकड्यांवर आलेल्या उमेदवाराबद्दल आम्हाला एकच शंका येते, ती म्हणजे हा माणूस दुसरीकडेही बोलणी करत आहे.

इंद्रायणी

रानफूलताईंचे वाचून मी आत्ताच माझे पत्र कपाटातून काढले. "बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास संपूर्ण रक्कम" असेच त्यात लिहिलेले आहे. माझे एक वर्ष पूर्ण व्हायला अजून दोन महिने आहेत. एनपीएसबद्दल मात्र उद्या पेरोलला मेल लिहिणार आहे, कारण पुढच्या आर्थिक वर्षाची निवड करण्याची खिडकी अजून उघडी आहे.