भीती वेगळी, डिसकॅल्क्युलिया वेगळा
"गणिताचा पेपर बघितला की मुलाचे हातपाय गार पडतात, हा डिसकॅल्क्युलियाच ना?"

तेवढ्यावरून नाही म्हणता येणार. डिसकॅल्क्युलिया म्हणजे संख्या समजण्यातलीच मुळातली अडचण. घाबरणाऱ्या मुलाला घरी निवांतपणे, घड्याळ न लावता तीच गणितं द्या, बरीचशी जमतात. काळजीने आकडे डोक्यात धरून ठेवणं अवघड होतं, पण संख्येची जाण शाबूत असते. डिसकॅल्क्युलियात ती जाणच कच्ची असते. मेंदूच्या पराएटल भागातली इंट्रापराएटल सल्कस ही खाच संख्यांची तुलना करते, तिथलं काम अशा मुलांत बऱ्याचदा वेगळं दिसतं.

कोथरूडला माझी भाची चौथीत आहे. पत्ते खेळताना अगदी मजेत असते, तरी पानावरचे चार बदाम बोट ठेवून मोजते, आणि अठ्ठी मोठी की नव्वी यावर अडते. तिथे भीतीचा संबंधच नाही. (पुढे सततच्या अपयशाने भीतीही जडते, मग दोन्ही असतं.)