मदत हवी आहे: सातवीची काळरेषा, बाण कुठे काढायचा?

नमस्कार गुरुजन. यवतमाळकडच्या खेड्यातल्या शाळेत सातवीला इतिहास शिकवतो. व्हरांड्यात सुतळी बांधली, एका वर्षाला एक वीत, आणि पोरांनी चिठ्ठ्या लावल्या: १६५९ प्रतापगड, १६६३ लाल महाल, १६६४ सुरत, १६६५ पुरंदरचा तह, १६६६ आग्रा, १६७० कोंढाणा, १६७४ राज्याभिषेक. क्रम अचूक. आग्रा ते कोंढाणा चार वितांची मोकळी सुतळी पाहून एकीनं विचारलं, "सर, मधात काय झालं?" हे मला फार आवडलं.

अडचण पुढे आली. कारणाचे बाण काढा म्हटलं, तर प्रत्येकानं शेजारच्या चिठ्ठीकडे बाण ओढला. प्रतापगडामुळे लाल महाल! अफजलखान आदिलशाहीचा, शायिस्ताखान मुघलांचा, हे सुटलंच. उलट शायिस्ताखानाच्या फौजेनं तीन वर्षं मुलूख उजाड केला, त्याची भरपाई म्हणून सुरत, हा बाण खरा; पण त्याचं कारण कोणालाच सांगता आलं नाही.

आता प्रत्येक बाणावर "कारण..." असं एक वाक्य लिहून घ्यावं म्हणतो. पण कापूस वेचणीमुळे निम्मी पोरं आड दिवशी येतात, तास पस्तीस मिनिटांचा. "नंतर घडलं" आणि "त्यामुळे घडलं" यातला फरक तुम्ही कसा पटवता? आदिलशाही-मुघल चिठ्ठ्यांना वेगळे रंग दिले तर भागेल का?