मदत हवी आहे: मेहंदी-संगीतला नाचता येईल अन् खाली बसता येईल असं काय घालू?

मैत्रिणींनो, मामेबहिणीची मेहंदी अन् संगीत एकाच संध्याकाळी आहे, दर्यापूरजवळच्या गावात, घरच्याच अंगणात. खुर्च्या नाहीत, सतरंजीवर बसायचं अन् मग नाचायचं. मागच्या लग्नात नेटचा लेहंगा घातला होता, आतून कॅनकॅन, तर मांडी घातली की तो समोरून फुगून वर यायचा, अन् नाचताना पैंजण जाळीत अडकून काठच उसवला, फार वाईट वाटलं.

आता कॉटनचा राणी रंगाचा घागरा शिवतेय, घेर चार मीटर, घोट्याच्या चार बोटं वर, म्हणजे पाय अडकत नाही. त्यावर पोपटी आखूड कुर्ती, बाही कोपराच्या चांगली वर, कारण मेहंदी कोपरापर्यंत काढतात अन् ओली मेहंदी बाहीला लागली की डाग निघत नाही.

अडलं ते कमरेत. नाडी ठेवली तर मेहंदीच्या हातानं बाथरूमला जाताना सोडायची कशी? मी म्हटलं इलॅस्टिक लावा, तर शिवणाऱ्या काकू म्हणतात एवढ्या घेराच्या वजनानं नाचताना खाली सरकते. समोर पट्टी अन् हूक, मागे इलॅस्टिक असं कोणी शिवलं आहे का? टिकते का? अन् ओढणी खांद्यावर पिन करून कमरेत खोचू की घेऊच नको?