घरपोच सेवांच्या ॲपला नेटवर्क इफेक्ट असतो का?

धागाकर्ता: मित्राचं पुण्यात एसी दुरुस्ती आणि साफसफाईचं ॲप आहे. तो म्हणतो, कारागीर वाढले की ग्राहक वाढतात, ग्राहक वाढले की कारागीर. पैसे घालण्याआधी हे खरं आहे का, कसं ओळखू?

वारजेकर: खरंच आहे. अर्बन कंपनी बघा, २०१४ला सुरू झाली, २०२५ला शेअर बाजारात आली. ज्याच्याकडे माणसं जास्त, त्याच्याकडेच गिऱ्हाईक जातं.

हिशेबी: हडपसरला पन्नास मेकॅनिक वाढले तर कोथरूडच्या गिऱ्हाइकाला काय मिळालं? या धंद्यात शहराचा एकूण आकडा फसवा असतो. एक भाग आणि एकच सेवा घेऊन बघा. समजा कोथरूडमध्ये २० मेकॅनिक आणि दिवसाला ६० कामं, म्हणजे माणशी ३. कामं वाढून जवळजवळ आली, दोन कामांमधला प्रवास पाऊण तासावरून वीस मिनिटांवर आला, तर त्याच दिवसात चौथं काम बसतं. दर न वाढवता कारागिराची कमाई वाढते, म्हणून तो टिकतो. नेटवर्क इफेक्ट म्हणायचं तर तो हा. पण मेकॅनिक ४० केले आणि कामं ८०च राहिली, तर माणशी २. मग चांगला माणूस आधी जातो. ग्राहकाचंही तसंच. उद्याऐवजी दोन तासांत माणूस आला तर त्याला फरक पडतो. दोन तासांचा दीड तास केल्याने फारसा पडत नाही.

आणि अर्बन कंपनी सुरुवातीला गिऱ्हाइकाची चौकशी कारागिरांकडे पाठवायची. पुढे दर, प्रशिक्षण, सामान तिने आपल्या हातात घेतलं. ती ताकद निव्वळ माणसांच्या संख्येची नाही.

फ्रीज-एसीवाला: मी एका ॲपवर काम करतो. एप्रिल-मेमध्ये जेवायला वेळ नसतो, ऑगस्टमध्ये दिवसाला एक काम. तरी नवीन पोरं भरतच असतात. मग गिऱ्हाईक नंबर मागतं, मी देतो. कमिशन कशाला भरू?

हिशेबी: दादांनी मुद्द्याचं सांगितलं. एसीची सर्व्हिस वर्षातून एक-दोनदा, तरी हे होतं. साफसफाईला तर तीच बाई दर आठवड्याला हवी असते, म्हणजे दुसऱ्या खेपेला ॲपची गरजच उरत नाही. अमेरिकेतली घरसफाईची कंपनी होमजॉय २०१५ला बंद पडली. सवलतीत पहिली खेप घेणारे बरेच जण परतले नाहीत, आणि काहींनी साफसफाईवाल्यांशी परस्पर जमवलं. मित्राकडून भागवार तीन गोष्टी मागा: किती मागण्यांना माणूसच मिळाला नाही, कारागिराची तासाची कमाई, आणि सवलतीशिवाय परत आलेले ग्राहक. माणसं वाढूनही कमाई टिकली किंवा वाढली, तरच चाक फिरतंय.

वारजेकर: पण आधी माणसं भरल्याशिवाय गिऱ्हाईक येणार कसं? सुरुवातीला तोटा सोसावाच लागतो.

हिशेबी: सोसावा, पण एका भागात. पाच भागांत चार-चार माणसं ठेवली तर कुठेच वेळेवर कोणी पोचत नाही.

धागाकर्ता: आकडे मेचे मागू की ऑगस्टचे?

फ्रीज-एसीवाला: ऑगस्टचे मागा. मेमध्ये सगळ्यांचंच चालतं.

हिशेबी: दोन्ही मागा. मेमध्ये किती गिऱ्हाइकं परत पाठवली, तेही कळायला हवं.