मदत हवी आहे: धूपछाव साडीचा मोरपंखी रंग काळ्या टी-शर्टवर कसा जुळवू? (४० नग)

नंदनवन_प्रिंट
नमस्कार. नागपुरात नंदनवनला माझं छोटं स्क्रीन प्रिंटिंगचं काम आहे. चार हातांचं मशीन आहे आणि शाई प्लास्टिसोल वापरते. एका लेझीम पथकाची ४० टी-शर्टची ऑर्डर आहे. तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकीत बायका मोरपंखी साड्या नेसणार आहेत आणि सोबतचे कार्यकर्ते काळे टी-शर्ट घालणार आहेत. टी-शर्टवरचं चिन्ह "अगदी साडीच्याच रंगाचं" हवं, असा त्यांचा आग्रह आहे. त्यासाठी ब्लाऊजपीसचा वीतभर तुकडा दिलाय.

मी १०० ग्रॅममागे निळा २५, हिरवा २५ आणि पांढरा ५० असं मिश्रण केलं. रात्री दुकानातल्या एलईडी ट्यूबखाली ओली शाई तुकड्याशेजारी धरली तर हुबेहूब वाटली. सकाळी छापलेला शर्ट अंगणात नेला तर छाप खडूसारखी फिकी दिसत होती आणि साडी गडद, निळसर. मग पांढरा कमी केला, तर हिरवी झाली. तीन वेळा झालं हे. दोन शर्ट वाया गेले, ते माझ्या खिशातून. छपाईला आठ दिवस आहेत. माझं नेमकं कुठे चुकतंय?

पिक्सेल_वर्धा
ताई, एवढं कशाला करून राहिल्या? मोबाईलने तुकड्याचा फोटो घ्या, रंग ओळखायच्या ॲपमध्ये टाका, हेक्स कोड मिळतो. त्यावरून पॅन्टोन नंबर काढा आणि शाईवाल्याकडून त्या नंबरची शाई मागवा. मी व्हिजिटिंग कार्डांना हेच करतो, कधी तक्रार नाही.

नंदनवन_प्रिंट
ते करून पाहिलं हो. खिडकीजवळ घेतलेल्या फोटोतून `#0F5E6B` आला, ट्यूबखाली घेतलेल्यातून `#1B6F5A`. तुकडा तोच, पण एक निळ्याकडे झुकतो आणि एक हिरव्याकडे. आता कोणता खरा मानू?

सुमनताई_महाल
मोरपंखी साड्यांचा रंग जातोच बाई. माझी गांधीबागेतून घेतलेली पहिल्याच धुण्यात गेली. पहिल्यांदा वेगळी धुवा.

नंदनवन_प्रिंट
सुमनताई, साडी धुवायची नाहीये, तिच्यासारखा रंग टी-शर्टवर छापायचाय. तरी पथकातल्या बायकांना सांगते, नव्या साड्या आहेत त्यांच्या.

रंगखाते
मी मिलमध्ये शेड जुळवण्याच्या कामावर बरीच वर्षं होतो. ताई, शाईला हात लावण्याआधी एक काम करा. तुकड्याच्या कडेचे धागे उसवा. एक उभा आणि एक आडवा, दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा आणि काय दिसतं ते इथे लिहा.

नंदनवन_प्रिंट
काका, आत्ताच केलं. उभा धागा चांगला गडद निळा आहे, आणि आडवा हिरवा! मला वाटत होतं सगळं कापडच मोरपंखी रंगवलंय.

रंगखाते
वाटलंच होतं. तुमच्या तुकड्यात मोरपंखी रंगाचा धागा एकही नाही. निळा आणि हिरवा एकमेकांत विणले गेले आणि मोरपंखी आपल्या डोळ्यात तयार झाला. म्हणूनच कापड हलवलं की रंग हलतो. तुकडा टेबलावर पाव वळण फिरवून पाहा, जागेवरच शेड बदलेल. तुमचे दोन कोड वेगळे आले त्यात अर्धा वाटा याचा आहे. उरलेला अर्धा मोबाईलचा, कारण तो प्रत्येक उजेडात पांढरा रंग स्वतःच्या अंदाजाने ठरवतो.

एका शाईने हलता रंग छापता येत नाही. म्हणून आधी साडीचा कोणता रंग पकडायचा ते ठरवा. तुकड्याची चौपदरी घडी करा, म्हणजे खालचं टेबल आरपार दिसणार नाही. घडी सपाट ठेवा, अकराच्या सुमारास सावलीत, उघड्या आकाशाखाली, आणि सहा-सात फुटांवरून सरळ समोरून पाहा. मिरवणुकीत लोक साधारण तेवढ्याच अंतरावरून पाहतात. तो रंग तुमचं लक्ष्य. पथकाच्या प्रमुख बाईंना तिथेच उभं करून दाखवा आणि "हाच" असं त्यांच्या तोंडून वदवून घ्या.

आता शाई. काळ्या कापडावर तुम्ही खाली पांढरा बेस मारता ना?

नंदनवन_प्रिंट
हो. ४३ च्या जाळीने पांढरा, फ्लॅश, मग वर ७७ च्या जाळीने रंग.

रंगखाते
मग रंगाच्या शाईत पुन्हा ५० टक्के पांढरा कशाला? उजळपणा खालचा पांढरा देतोच. वरच्या शाईत घातलेला पांढरा रंगाला झाकतो आणि खडूसारखा करतो. गडद मोरपंखीत तर तो नकोच. त्याच्या जागी पारदर्शक बेस घाला. शाई पातळ रंगीत काचेसारखी होईल, खालच्या पांढऱ्यावरून उजेड तिच्यातून परत येईल आणि रंग खोल दिसेल.

दुसरं म्हणजे तुमचा निळा कोणता आहे? जांभळ्याकडे झुकणारा रॉयल ब्लू असेल तर हिरव्यात मिसळल्यावर मळकट होतो, कारण त्याच्या पोटातला लाल हिरव्याला मारतो. हिरव्याकडे झुकणारा निळा घ्या, चार रंगी छपाईतल्या सायनच्या जातीचा. डब्यातला निळा चमचाभर पारदर्शक बेसमध्ये विरघळवून पांढऱ्या कापडावर ओढून पाहा, कुठे झुकतो ते लगेच कळेल.

सुरुवात निळा ३०, हिरवा ३५, बेस ३५ अशी करा. पण आधी फक्त ५० ग्रॅमच बनवा, सोनारी काट्यावर तोलून.

शाळेचा_गणवेश
मला मध्ये बोलू द्या, कारण मी याच्यात पोळलोय. शाळेच्या क्रीडा स्पर्धेसाठी मरून टी-शर्टवर पांढरी छाप मारली. दिली तेव्हा शुभ्र होती, चार दिवसांत गुलाबी झाली. कापड पॉलिस्टर निघालं, आणि भट्टीच्या उष्णतेने त्याचा रंग शाईत चढला. सगळे शर्ट पुन्हा करून द्यावे लागले. ताई, तुमचे काळे शर्ट खरंच कॉटन आहेत का? लेबलवर जाऊ नका. धागा जाळून पाहा. कॉटन असेल तर जळक्या कागदाचा वास आणि भुरभुरीत राख येते. पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो.

नंदनवन_प्रिंट
जाळला. राख झाली, मणी नाही. थोडा जीव भांड्यात पडला. पण हे मला सुचलंच नसतं, धन्यवाद भाऊ.

पिक्सेल_वर्धा
काका, तुमचं मान्य. पण मग पेंटच्या दुकानात रंग वाचायचं मशीन असतं, त्यावर तुकडा ठेवला तर? ते तर मोबाईलसारखा अंदाज करत नाही.

रंगखाते
मशीन खरं वाचेल, पण उत्तर भिंतीच्या रंगाच्या डब्यात देईल. तिथलं प्रमाण त्यांच्या रंगद्रव्यांचं असतं, ताईंच्या डब्यांना ते लागू होत नाही. शिवाय धूपछाव कापड मशीनखाली फिरवून ठेवलं तर आकडाही फिरेल.

मोबाईल मात्र अगदीच टाकाऊ नाही. तुकडा आणि पक्की केलेली छाप एकाच फोटोत, एकाच उजेडात घ्या. तिथे कोडचे आकडे खरे नसले तरी दोघांतला फरक कामाचा असतो. छाप तुकड्यापेक्षा उजळ आहे की हिरवी, एवढी दिशा तो दाखवतो.

नंदनवन_प्रिंट
दोन दिवसांनी लिहितेय. सगळं करून पाहिलं.

डब्यातला माझा निळा रॉयलच निघाला. इतवारीतून हिरवट निळा आणला. काकांच्या प्रमाणाने पहिली छाप मारली, भट्टीतून काढली आणि पूर्ण गार होऊ दिली. खडूपणा गेला! पण उन्हाच्या सावलीत पाहिली तर हिरवी जास्त. म्हणून निळा ३८, हिरवा ३२, बेस ३० केला. आता झुकाव बरोबर आला, पण रंग भडक, साडीपेक्षा जास्त चमकणारा. घरचे म्हणाले थोडा काळा घाल. घालू का? काळ्याची भीती वाटते.

रंगखाते
तुमची भीती रास्त आहे. काळा थोडासाच पडला तरी शाई मरते, आणि एकदा पडला की परत काढता येत नाही. भडकपणा उतरवायला समोरचा रंग वापरा. मोरपंखीच्या समोर नारिंगी येतो. १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम घाला, पाच मिनिटं घोटा, छापा, गार करा आणि मग पाहा. पुन्हा लागलाच तर ०.१ ग्रॅमच्या पायरीने जा. प्रत्येक पायरी शर्टच्याच कापडाच्या चिंधीवर, त्याच बेसवर छापून ठेवा आणि मागे प्रमाण लिहा. ओल्या शाईवरून काहीही ठरवू नका, भट्टीतून नुकत्याच निघालेल्या गरम छापेवरूनही नाही.

आणखी एक. राखाडी पुठ्ठ्याला दोन सारख्या खिडक्या कापा. एका खिडकीत साडी, दुसऱ्यात छाप. भोवतीचा काळा शर्ट झाकला नाही तर छाप आहे त्यापेक्षा उजळ वाटते.

नंदनवन_प्रिंट
०.६ ग्रॅम नारिंगीवर जुळलं. पुठ्ठ्याच्या खिडक्यांतून सावलीत पाहिलं तर फरक शोधावा लागतो. प्रमुख बाई आल्या होत्या. आधी तुकडा तिरका धरून "यात निळा कमी आहे" म्हणाल्या. मग मी घडी सपाट ठेवून सात फुटांवरून दाखवली, तेव्हा मानल्या. चिंधीवर तारीख टाकून सही घेतली.

एका छापेला साधारण ६ ग्रॅम शाई जातेय. ४० ला २४०, शिवाय जाळीत उरणारी. एकदम ४०० ग्रॅम बनवतेय, म्हणजे अर्ध्यावर नवीन घाणा करावा लागणार नाही.

एक प्रश्न उरलाय. मिरवणूक लांबली तर संध्याकाळ होईल. काल रात्री पिवळ्या हॅलोजनखाली पाहिलं तर साडी हिरवट झाली, छाप मात्र तशी झाली नाही. यावर काही उपाय?

रंगखाते
पूर्ण उपाय नाही. धाग्याचा रंग आणि शाईचं रंगद्रव्य वेगळ्या जातीचे आहेत, त्यामुळे उजेड बदलला की जोडी फुटते. मिलमध्ये आम्ही त्याला मेटामेरिझम म्हणायचो आणि गिऱ्हाईकाला आधीच विचारायचो, कोणत्या उजेडात जुळायला हवं? मिरवणूक दिवसाची असेल तर दिवसाच्या उजेडाला धरा आणि संध्याकाळचा फरक बाईंना आत्ताच दाखवून ठेवा.

जाळी_आणि_स्क्वीजी
हे वाचून सुचलं. पांढऱ्या बेसवर आधी सपाट हिरवा आणि त्यावर बारीक निळ्या रेघा छापल्या तर? साडीतही तसंच आहे, दोन रंग शेजारी शेजारी. मी चादरीवर केलंय, लांबून मिसळून दिसतं.

रंगखाते
लांबून मिसळेल, पण कोन बदलल्यावर रंग हलणार नाही. रेघा चादरीएवढ्या जाड असतील तर चिन्हाची बारीक अक्षरं तुटतील. तरी एका शर्टवर पाहायला हरकत नाही, मी स्वतः केलेलं नाही.

नंदनवन_प्रिंट
दुसरी जाळी काढायला वेळ नाही, या ऑर्डरला एकच शाई. पण वाया गेलेले दोन शर्ट ठेवलेत. त्यांच्या पाठीवर रेघांचा प्रयोग करते आणि साडीसोबत एकाच फोटोत इथे टाकते.