शब्दचर्चा : ‘स्कीमा गोठवण्यात येत आहे’ म्हणजे नेमकं काय?

मेघना, नाशिक

आमची टीम लहान, सगळे मराठीच, त्यामुळे कामाचे निरोपही मराठीत जातात. सुकामेवा, फराळाचे डबे, सोबत सॉफ्ट ड्रिंक्सच्या बाटल्या अशी ऑनलाइन विक्री. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, सणाच्या सेलआधी मी हा निरोप टाकला होता :

> सर्वांना कळवण्यात येते की, 15 सप्टेंबर ते 24 ऑक्टोबरपर्यंत स्कीमा गोठवण्यात येत आहे. या काळात डेटाबेसमध्ये शक्यतो कोणतेही बदल करू नयेत. अत्यावश्यक बदलांसाठी परवानगी घ्यावी.

या तीन वाक्यांचे तीन जणांनी तीन अर्थ लावले. एकाने जीएसटीचे नवे दर भरायचे थांबवले, कारण ‘डेटाबेसमध्ये बदल नको’. दुसऱ्याने 1 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आदल्या रात्री 9 वाजता, ऑर्डरच्या टेबलावर, शोध लवकर लागावा म्हणून, इंडेक्स बांधायला घेतला. त्याचं म्हणणं, ‘शक्यतो’ लिहिलंय आणि इंडेक्स म्हणजे काही स्कीमा नव्हे. तिसऱ्याने 24 तारखेच्या सकाळी कॉलम काढून टाकला, त्याच्या लेखी मुदत 23 च्या रात्री संपली होती. मला वाटतं ‘गोठवणे’ हा शब्दच चुकला. दुसरा सुचवाल का?

निवृत्त बँकर

स्कीम गोठवली म्हणजे ऑफर बंद केली असं समजायचं का? मग सेल कसला?

मेघना

काका, स्कीम नाही, स्कीमा. डेटाबेसमधल्या टेबलांची रचना. पण आमच्या मार्केटिंगच्या मुलीनेही नेमकं हेच विचारलं होतं, तेव्हा तुमचं चुकलं असं म्हणणार नाही.

निवृत्त बँकर

असं होय. मग ‘गोठवणे’बद्दल सांगतो, ते आमच्या रोजच्या कामातलं. खातं गोठवलं म्हटलं की लोकांना वाटतं सगळंच बंद. पण डेबिट फ्रीझ असेल तर पैसे काढता येत नाहीत, जमा मात्र होत राहतात. पूर्ण गोठवायचं असेल तर आदेशात तसं लिहिलेलं असतं. आम्ही नुसत्या ‘गोठवा’वर कधी काम केलं नाही. काय गोठवायचं, तेही लिहिलेलं लागायचं.

भाषाप्रेमी, डोंबिवली

‘गोठवणे’ला माझा वेगळाच आक्षेप. पाणी गोठतं, तूप थिजतं. थिजलेलं तूप जरा ऊब लागली की पातळ होतं, आणि तुमच्या टीममध्ये तेच झालेलं दिसतंय. ‘संरचना-स्थगिती’ म्हणा. आणि ‘स्कीमा’ तुम्ही पुल्लिंगी वापरता की स्त्रीलिंगी? निरोपावरून कळत नाही.

जुना डीबीए

स्थगिती म्हटलं की कोर्ट आठवतं. चालू असलेलं काम वरून कुणीतरी थांबवलं, असा त्याचा वास येतो. इथे आपण आपल्याच हाताने थांबतोय. ‘गोठवणे’ राहू द्या, टीमला तो कळतो. घात ‘बदल’ या शब्दाने केलाय. डेटाबेसमध्ये बदल तर दर सेकंदाला होत असतो, ऑर्डर आली की ओळ वाढली. तो थांबला तर दुकानच बंद. तुम्हाला थांबवायचा होता टेबलांच्या रचनेतला बदल. जीएसटीचा दर 12 चा 5 करणं हा डेटा आहे. तो दर कुठल्या कॉलमात बसतो आणि त्या कॉलमात काय बसू शकतं, ही रचना.

मेघना

इथेच तर गंमत झाली. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू होणार होते. 21 च्या रात्री मी त्या मुलाला म्हटलं, अरे दर भर, तो डेटाच आहे. सुकामेव्याचे 12 चे 5 बिनबोभाट झाले. सॉफ्ट ड्रिंक्सचे 28 चे 40 करायला गेला आणि हे आलं :

```
ERROR:  new row for relation "products" violates
check constraint "products_gst_rate_check"
```

कधीकाळी कुणीतरी कॉलमवर अट घालून ठेवली होती की दर 0, 5, 12, 18, 28 यांपैकीच हवा. म्हणजे डेटा बदलायला आधी रचना बदलणं आलं, तेही गोठवल्यानंतर आठवड्याने.

जुना डीबीए

जीएसटी कौन्सिलचा निर्णय 3 सप्टेंबरला आला होता. तुमचं फ्रीझ 15 ला. मधल्या 12 दिवसांत ‘सेलच्या काळात कोणता डेटा बदलणार आहे, आणि तो आजच्या रचनेत बसतो का’ हे एकदा विचारलं असतं तर ती रात्र गेली नसती. निरोपाआधीचं काम आहे ते. असो, तुम्ही सोडवलं कसं?

मेघना

असं :

```
SET lock_timeout = '3s';
BEGIN;
ALTER TABLE products DROP CONSTRAINT products_gst_rate_check;
ALTER TABLE products ADD CONSTRAINT products_gst_rate_check
  CHECK (gst_rate IN (0, 5, 12, 18, 28, 40)) NOT VALID;
COMMIT;
```

जुना डीबीए

चांगलं केलंत. `NOT VALID` मुळे पोस्टग्रेस, म्हणजे तुमचा डेटाबेस, जुन्या सगळ्या ओळी तपासत बसत नाही, अट फक्त नव्या आणि बदललेल्या ओळींना लागते. जुन्या ओळींची तपासणी नंतर निवांत `VALIDATE CONSTRAINT` ने करता येते, तेव्हा ऑर्डरी अडत नाहीत. पण खरं वाचवलं त्या 3 सेकंदांनी. `ALTER TABLE` ला क्षणभर का होईना, अख्खं टेबल एकट्याला लागतं. समजा कुणी त्याच टेबलावर 20 मिनिटांचा रिपोर्ट लावून ठेवलाय. मग `ALTER` त्या रिपोर्टच्या मागे थांबतं, आणि त्याच्या मागून येणारी प्रत्येक साधी `SELECT` सुद्धा `ALTER` च्या मागे थांबते. एसटीच्या दारात एखादा मोठी ट्रंक घेऊन उभा असतो, आत जागा असते पण कुणालाच चढता येत नाही, तसं. 3 सेकंदांत नंबर लागला नाही तर `ALTER` स्वतःच बाजूला होतं, आपण थोड्या वेळाने पुन्हा करून बघायचं.

अक्षय

इंडेक्सवाल्या सहकाऱ्याची बाजू घेतो. इंडेक्सने ना कॉलम बदलतो, ना त्याचं नाव. कोडला पत्ताही लागत नाही. मग तो स्कीमात कसा मोजायचा? मी तर म्हणेन रिकामा चालणारा नवा कॉलम वाढवणंही निरुपद्रवी. पोस्टग्रेस 11 पासून स्थिर डीफॉल्ट किंमत असली तरी टेबल पुन्हा लिहिलं जात नाही.

जुना डीबीए

कॉलमचं खरं आहे, पण अर्धं. टेबल पुन्हा लिहिलं जात नाही, तरी ते क्षणभर एकट्याला लागतंच. म्हणजे ट्रंकवाला आलाच. आणि इंडेक्स कोडला दिसत नाही, पण ग्राहकाला दिसतो. साध्या `CREATE INDEX` ने टेबल वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही. मेघनाताई, त्या रात्री साइट उघडत होती, वस्तू दिसत होत्या, आणि ऑर्डर नोंदवताना चक्र फिरत राहत होतं ना?

मेघना

अगदी तसंच. 4 मिनिटं. आम्हाला वाटलं पेमेंटवाल्यांचा घोळ आहे, त्यांनाच फोन लावत बसलो.

जुना डीबीए

वाचणं चालू आणि लिहिणं अडलं, की पहिला संशय लॉकचा, म्हणजे कुणीतरी टेबल अडवून ठेवल्याचा, घ्यायचा. `pg_stat_activity` मध्ये `wait_event_type` ला `Lock` असलेल्या ओळींची रांग दिसली की पेमेंटवाल्यांना फोन करायची गरज नाही. `CREATE INDEX CONCURRENTLY` ने लिहिणं अडत नाही. पण त्याला जास्त वेळ लागतो, आणि मध्येच फसलं तर मागे एक अवैध इंडेक्स उरतो. तो वाचताना उपयोगी पडत नाही, पण प्रत्येक ऑर्डरवर सांभाळायचं ओझं असू शकतं, म्हणून शोधून काढावा लागतो. सेलच्या आदल्या रात्री हा खेळ कशाला?

अक्षय

मग अडचण इंडेक्सची नाही, वेळेची. ‘स्कीमा’ शब्दात इंडेक्स येतो, हे मला अजून पटलेलं नाही.

सुजाता, पुणे

आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे की! आचारसंहिता. ‘15 पासून आचारसंहिता लागली’ म्हटलं की गावातल्या कुणालाही कळतं : नव्या घोषणा बंद, रोजचा कारभार चालू.

भाषाप्रेमी, डोंबिवली

हे मात्र झकास.

जुना डीबीए

झकास आहे, पण एका जागी उलटं पडतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत जागेवर प्रत्यक्ष सुरू झालेलं काम चालू ठेवता येतं. इथे अर्धवट कामच जास्त धोक्याचं. समजा पत्त्याचा एक कॉलम फोडून दोन करताय. आधी नवे कॉलम येतात, मग कोड जुन्या-नव्या दोन्हीकडे लिहितो, शेवटी जुना कॉलम काढतात. फ्रीझ लागताना तुम्ही मधल्या पायरीवर असाल तर तिथेच थांबायचं. ‘सुरू केलंच आहे तर संपवून टाकतो’ असं म्हणून जुना कॉलम काढला, आणि दोन दिवसांनी कोडमध्ये चूक सापडून मागच्या आठवड्याची आवृत्ती परत लावावी लागली, तर ती आवृत्ती जुना कॉलम मागणार. कोड मागे घेता येतो. काढलेल्या कॉलममधला डेटा बॅकअपमधून आणावा लागतो, तोही दिवाळीच्या गर्दीत.

मेघना

24 च्या सकाळी आमच्याकडे हेच झालं. भाऊबीज 23 ला झाली, तो म्हणाला सण संपला. निरोपात ‘24 पर्यंत’ लिहिलं होतं. ‘पर्यंत’मध्ये 24 येतो की नाही?

निवृत्त बँकर

आमच्याकडे ‘24 ऑक्टोबर धरून’ असं लिहायचो. एका शब्दात वाद मिटतो.

भाषाप्रेमी, डोंबिवली

माझ्या मते ‘पर्यंत’मध्ये शेवटचा दिवस येतोच. ‘शुक्रवारपर्यंत सुट्टी’ म्हटलं की शुक्रवारी कुणी कामावर येत नाही. पण ‘शुक्रवारपर्यंत ये’ म्हटलं तर गुरुवारीही चालतं. हा घोळ क्रियापदाचा आहे.

जुना डीबीए

म्हणून शेवट लिहूच नका, पुन्हा सुरू कधी ते लिहा. ‘सोमवार, 27 ऑक्टोबर, सकाळी 10 पासून बदल पुन्हा सुरू.’ रात्री 12 ही वेळ तर कधीच नको, ती कुठल्या तारखेची यावर वेगळा धागा होईल. आणि ‘शक्यतो’ खोडा. मराठीत ‘शक्यतो करू नये’ म्हणजे ‘केलंत तर रागावणार नाही’.

सुजाता, पुणे

‘परवानगी घ्यावी’ याबद्दलही बोला. कुणाची? रात्री 9 ला कोण उचलणार फोन?

मेघना

तुम्हा सगळ्यांचं ऐकून गेल्या वर्षीचाच निरोप पुन्हा लिहून पाहिला. चालेल का बघा :

> 15 सप्टेंबर, सकाळी 10 पासून टेबलांची रचना गोठवली आहे. सोमवार, 27 ऑक्टोबर, सकाळी 10 ला पुन्हा खुली होईल.
>
> या काळात टेबल, कॉलम, अट किंवा इंडेक्स वाढवायचा नाही, बदलायचा नाही, काढायचा नाही. कॉलमचं नाव आणि प्रकारही बदलायचा नाही. अर्धवट राहिलेलं मायग्रेशन आहे त्याच पायरीवर थांबेल.
>
> किंमती, साठा, जीएसटीचे दर, ऑफर हा सगळा डेटा आहे, तो रोजच्यासारखा भरा. कोडही लावता येईल, पण तो आजच्या रचनेवर चालला पाहिजे आणि मागची आवृत्ती परत लावता आली पाहिजे.
>
> रचना बदलल्याशिवाय विक्री किंवा बिल अडत असेल, तरच मला फोन करा. मी नसेन तर त्या आठवड्याच्या ड्युटीवर असेल त्याला. दोघांपैकी एकाचा होकार ग्रुपवर लेखी आल्याशिवाय कमांड चालवायची नाही.

अक्षय

इंडेक्सचं नाव घेऊन लिहिलंत, आता माझी तक्रार नाही. पण एखादी क्वेरी सेलमध्ये इतकी मंदावली की इंडेक्सशिवाय विक्रीच अडली, तर?

मेघना

मग फोन. आणि `CONCURRENTLY` ने, पहाटे.

जुना डीबीए

लांबलचक `UPDATE` बद्दल एक ओळ टाका. लाखभर ओळी एकाच फटक्यात बदलल्या तर तो डेटाच, पण काम संपेपर्यंत त्या ओळी अडकून राहतात. तुकड्यातुकड्यांत करा म्हणावं.

भाषाप्रेमी, डोंबिवली

‘स्कीमा’ सोडून ‘रचना’ केलंत, लिंगाचा प्रश्न चलाखीने टाळलात. आता 27 ला काय लिहिणार? बंदी उठते, स्थगिती उठते, आचारसंहिता संपते. गोठवलेली रचना काय होते? वितळते?

मेघना

‘वितळली’ लिहिलं तर टीम घाबरेल. ‘खुली झाली’ म्हणते सध्या.

निवृत्त बँकर

आम्ही फ्रीझ ‘काढला’ म्हणायचो.